पट्ट्यावरचा कांदा नेमका कधी ढकलायचा?

चाळीतून काढलेला कांदा निवडायला बसलेल्या बायकांचे हात पाहिले, की कळतं हे काम किती बारीक आहे. जोड कांदा, कोंब आलेला, मानेशी मऊ पडलेला असं सगळं एका नजरेत ओळखून बाजूला फेकलं जातं. हेच काम छोट्या पट्ट्यावर कॅमेरा, शिकवलेलं मॉडेल आणि हवेवर चालणारा पुशर यांच्याकडून करून घ्यायचं, तर सुरुवात कुठून करायची हे या लेखात सांगतो.

पहिल्यांदाच असं यंत्र बांधणारे बहुतेक जण सगळा वेळ मॉडेलवर घालवतात. मॉडेल लॅपटॉपवर छान चालतं, आणि पट्ट्यावर ठेवलं की चांगला कांदा खाली पडतो, खराब पुढे निघून जातो. मग आणखी फोटो काढले जातात, पुन्हा शिकवलं जातं, तरी फरक पडत नाही. कारण ओळख बरोबरच असते, धक्का चुकीच्या क्षणी बसत असतो. म्हणून मी उलट क्रमाने जायला सांगतो: आधी पट्टा आणि धक्का, मग फोटो, आणि मॉडेल सगळ्यात शेवटी.

पट्टा आणि त्यावरचं अंतर

आपलं उदाहरण असं धरू. पट्टा १५० मिमी रुंद, वेग सेकंदाला २५० मिमी. कांदे ४० ते ७५ मिमी व्यासाचे, सरासरी ८० ग्रॅम वजनाचे, एका ओळीत येणारे. सुरुवातीला आडवा प्रकाशकिरण टाकणारा फोटोसेन्सर आहे. त्याच्यापुढे ८० मिमीवर कॅमेऱ्याच्या चित्राचा मध्य येतो, आणि सेन्सरपासून ४०० मिमीवर पुशरच्या थाळीचा मध्य. पुशरच्या ठिकाणी पट्ट्याला बाजूची कड नाही. तिथून कांदा घसरगुंडीवरून क्रेटमध्ये पडतो.

४०० मिमी भागिले २५० म्हणजे १.६ सेकंद. तेव्हा सेन्सरवर कांदा दिसला की १.६ सेकंदांनी पुशरला हवा सोडणारा वॉल्व्ह उघडायचा, असं सहज मनात येतं. करून पाहा, सकाळी चालेल. दुपारी क्रेटभर कांदे एकदम पट्ट्यावर आले की मोटर जरा दबेल आणि धक्के चुकायला लागतील. वेग फक्त पाच टक्क्यांनी कमी झाला तरी ४०० मिमीच्या प्रवासात २० मिमीचा फरक पडतो. छोट्या कांद्याच्या बाबतीत याचा अर्थ धक्का मध्याऐवजी कडेवर.

म्हणून वेळ मोजायची नाही, पट्टा किती सरकला ते मोजायचं. त्यासाठी एन्कोडर लागतो. फेऱ्याला ६०० पल्स देणारा साधा एन्कोडर पुरतो. तो मोटरच्या शाफ्टवर बसवण्याचा मोह आवरा. पट्टा ड्राइव्ह रोलरवर घसरला तर मोटर फिरत राहते आणि मोजणी खोटी होते. एन्कोडर शेवटच्या मोकळ्या रोलरवर लावा, किंवा पट्ट्यावर टेकणाऱ्या रबरी चाकावर.

आता एका मिलिमीटरला किती पल्स, हे काढायचं. रोलर ६० मिमीचा असेल तर परीघ १८८.५ मिमी, म्हणजे मीटरला ३,१८३ पल्स असा हिशेब कागदावर येतो. तो वापरू नका. पट्ट्याला स्वतःची जाडी असते, आणि १.५ मिमी जाडीच्या पट्ट्यासाठी रोलरचा कामाचा व्यास ६१.५ मिमीच्या आसपास जातो. पट्ट्यावर खडूने बरोबर एक मीटर अंतरावर दोन खुणा करा, पट्टा हळू चालवून त्यांच्यामधले पल्स मोजा, तीनदा. आकडा ३,१०५ च्या जवळ आला तर मिलिमीटरला सुमारे ३.१ पल्स. आपले ४०० मिमी म्हणजे १,२४२ पल्स. चालू वेगाला हे पल्स सेकंदाला साधारण ७७६ या गतीने येतात.

कांद्याचा मध्य

सेन्सरला कांद्याची पुढची कड दिसते. धक्का मात्र मध्यावर हवा. ४० मिमीच्या कांद्याचा मध्य कडेच्या २० मिमी मागे असतो आणि ७५ मिमीच्याचा ३७ मिमी मागे. सगळ्यांना एकच सरासरी लावली तर छोट्यांना धक्का उशिरा बसतो, मोठ्यांना लवकर. उपाय सोपा आहे. किरण तुटला तेव्हाचा पल्सचा आकडा लिहून ठेवा, किरण पुन्हा जुळला तेव्हाचाही लिहा, आणि दोन्हींची सरासरी घ्या. तोच मध्य. सेन्सर पट्ट्यापासून २० ते २५ मिमी उंचीवर लावा, म्हणजे किरण कांद्याच्या फुगीर भागातून जातो.

याच दोन आकड्यांतून आणखी एक फायदा मिळतो. फरक ४७ पल्सांपेक्षा कमी, म्हणजे १५ मिमीच्या आत असेल, तर तो उडता पापुद्रा आहे, सोडून द्या. २८० पल्सांच्या वर, म्हणजे ९० मिमीपेक्षा जास्त असेल, तर दोन कांदे चिकटून आले आहेत. त्यांच्याविषयी मॉडेलला विचारूच नका, थेट ढकलून द्या. त्या क्रेटमधला माल पुन्हा फिरवता येतो.

हवेला लागणारा वेळ

पुशरसाठी १६ मिमी बोअर आणि १०० मिमी स्ट्रोकचा डबल ॲक्टिंग सिलिंडर, २४ व्होल्ट डीसी कॉइलचा, स्प्रिंगने परत येणारा ५/२ सोलेनॉइड वॉल्व्ह आणि ४ बार दाब घ्या. १६ मिमी पिस्टनचं क्षेत्रफळ साधारण २०१ चौरस मिमी असतं. ४ बारला त्यातून सुमारे ८० न्यूटन जोर मिळतो. कांद्याला एवढ्याची गरजच नाही. म्हणून सिलिंडरच्या दोन्ही तोंडांना फ्लो कंट्रोल लावा आणि बाहेर जाणारी हवा आवळून वेग कमी करा. थाळीवर जाड फोम चिकटवा. धक्का लागलेला कांदा त्या दिवशी चांगला दिसतो आणि आठवड्याने आतून मऊ पडतो, त्यामुळे हा भाग घाईने उरकू नका. ढकललेले पंधरा-वीस चांगले कांदे मुद्दाम बाजूला ठेवा आणि काही दिवसांनी कापून पाहा.

वॉल्व्ह सिलिंडरच्या अगदी जवळ बसवा. ६ मिमीच्या नळीचं आतलं छिद्र ४ मिमी असतं. अशा दोन मीटर नळीत २५ घन सेंमी हवा मावते आणि आपल्या अख्ख्या सिलिंडरमध्ये २०. म्हणजे दूर ठेवलेल्या वॉल्व्हची हवा आधी नळी भरण्यात जाते, आणि तो उशीर दाबाप्रमाणे बदलतही राहतो.

आता मुख्य मोजमाप: कॉइलला वीज मिळाल्यापासून थाळी कांद्याला टेकेपर्यंत किती वेळ जातो? वॉल्व्हच्या कनेक्टरवर छोटा एलईडी असतो. मोबाइलच्या स्लो मोशनमध्ये, सेकंदाला २४० फ्रेमला, तो एलईडी आणि थाळी दोन्ही दिसतील असं चित्रण करा. एलईडी पेटल्यापासून थाळी टेकेपर्यंतच्या फ्रेम मोजा. एक फ्रेम म्हणजे ४.२ मिलिसेकंद. २२ फ्रेम निघाल्या तर उशीर झाला सुमारे ९० मिलिसेकंद. तेवढ्या वेळात पट्टा साडेबावीस मिलिमीटर सरकतो, म्हणजे ७० पल्स. तेव्हा वॉल्व्ह १,२४२ वर नाही, १,१७२ वर उघडायचा.

इथे एक बारकावा आहे. पट्ट्यावरचं अंतर पल्समध्ये स्थिर असतं, हवेचा उशीर मात्र वेळेत स्थिर असतो. पट्टा हळू झाला की ९० मिलिसेकंदांत कमी पल्स येतात. म्हणून ७० हा आकडा कोडमध्ये कायमचा लिहू नका. त्या क्षणाच्या वेगावरून काढा.

दोन मेंदू, एक क्रमांक

कांदा ओळखण्याचं काम रास्पबेरी पायसारखा छोटा संगणक करेल. पण वॉल्व्ह उघडण्याचं काम त्याच्यावर टाकू नका. लिनक्स दुसऱ्या कशात गुंतलं तर आपला प्रोग्राम तीस-चाळीस मिलिसेकंद थांबून राहू शकतो, आणि ४० मिलिसेकंद म्हणजे पट्ट्यावर १० मिमी. सेन्सर, एन्कोडर आणि वॉल्व्ह हे तिन्ही आर्डुइनो या साध्या मायक्रोकंट्रोलर बोर्डाकडे द्या. सेकंदाला ७७६ पल्स त्याला सहज झेपतात.

दोघांमधलं बोलणं सीरियल केबलवरून होतं. आर्डुइनो प्रत्येक कांद्याला क्रमांक देतो. मध्य मिळाला की त्यापुढे २४८ पल्सांवर, म्हणजे ८० मिमीवर, तो कॅमेऱ्याला फोटो काढायला सांगतो आणि क्रमांक कळवतो. संगणक त्याच क्रमांकासह निर्णय परत पाठवतो. क्रमांकाशिवाय, नुसत्या आले तसे निर्णय लावायला गेलात, तर एक फोटो चुकला की त्यापुढच्या प्रत्येक कांद्याला मागच्याचा निकाल लागतो. यंत्र दिवसभर व्यवस्थित धडधडत राहतं आणि सगळं चुकत राहतं.

आर्डुइनोमधला गाभा एवढाच आहे:

```cpp
noInterrupts();
long now = count;      // encoder pulses
interrupts();

long lead = pulsesPerSec * 90L / 1000;   // air delay 90 ms
if (n > 0 && now >= q[head].center + 1242 - lead) {
  if (q[head].verdict != GOOD) firePusher();
  head = (head + 1) % 8;
  n--;
}
```

`count` वाचताना इंटरप्ट बंद करायचे, कारण आठ बिटांच्या आर्डुइनोला चार बाइटचा आकडा एका दमात वाचता येत नाही. मध्येच पल्स आला तर भलताच आकडा हाती लागतो. सेन्सर आणि पुशर यांच्यामध्ये एका वेळी तीनच्या वर कांदे नसतात, त्यामुळे आठ जागांची रांग पुरते. `firePusher()` मध्ये `delay()` टाकून थांबू नका. वॉल्व्ह उघडल्याची वेळ लिहून ठेवा आणि १८० मिलिसेकंद झाले की मुख्य लूपमधूनच तो बंद करा.

`verdict != GOOD` असं मुद्दाम लिहिलं आहे. निर्णय वेळेत आला नाही, तर कांदा ढकलला जातो आणि पुन्हा तपासणीला येतो. न पाहिलेला कांदा चांगल्यांच्या गोणीत जाता कामा नये. एक सडका गोणीत गेला की शेजारच्यांना घेऊन बसतो.

धक्क्याची परीक्षा, कॅमेऱ्याविना

या टप्प्यावर मॉडेल नाही, कॅमेराही नाही. प्रत्येक कांदा ढकल, एवढंच आर्डुइनोला सांगा. थाळीच्या फोमवर ओला गेरू लावा आणि लहान, मध्यम, मोठे मिळून पन्नास कांदे सोडा. प्रत्येकावर उमटलेला डाग यंत्राचं दुखणं सांगतो.

सगळ्यांवर डाग एकाच बाजूला, सारख्याच अंतरावर असेल, तर १,२४२ हा आकडा चुकला आहे, तो बदला. लहानांवर एकीकडे आणि मोठ्यांवर दुसरीकडे असेल, तर मध्याऐवजी कड वापरली जात आहे. थोडा वेळ यंत्र थांबल्यावरचा फक्त पहिला धक्का उशिरा बसत असेल, तर सिलिंडरचं सील चिकटतं आहे. काम सुरू करताना पाच-सहा कोरे धक्के मारून घ्या. डाग कुठेही, कसाही पडत असेल, तर कांदा पट्ट्यावर लोळतो आहे.

हे शेवटचं दुखणं कांद्याचं खास आहे. एन्कोडरला पट्टा कुठे आहे ते कळतं, कांदा कुठे आहे ते कळत नाही. उंचावरून पडलेला गोल कांदा पट्ट्यावर काही अंतर उलटा लोळतो आणि मग स्थिरावतो. उपाय तीन: कांदा पट्ट्यावर अलगद येईल अशी उतरण द्या, गुळगुळीत पट्ट्याऐवजी खडबडीत पृष्ठभागाचा वापरा, आणि सेन्सरच्या आधी किमान अर्धा मीटर मोकळा पट्टा ठेवा. शंका उरली तर पुशरच्या जरा आधी दुसरा सेन्सर लावा. अपेक्षेपेक्षा १० मिमीहून जास्त फरकाने पोचणाऱ्या कांद्यांची तो मोजदाद करेल.

पुशर उडाला की आर्डुइनो रीसेट होत असेल किंवा मोजणी एकदम उडी मारत असेल, तर दोष कॉइलचा आहे. कॉइल बंद होताना उलट व्होल्टेजचा झटका येतो. कॉइलवर उलटा डायोड लावा, तिचा २४ व्होल्टचा पुरवठा वेगळा ठेवा आणि एन्कोडरची वायर वॉल्व्हच्या वायरीपासून दूर न्या.

दोन कांद्यांमध्ये किती जागा हवी, तेही इथेच ठरतं. थाळी टेकल्यापासून पूर्ण मागे येईपर्यंत साधारण २४० मिलिसेकंद जातात, तोवर पट्टा ६० मिमी पुढे येतो. थाळी ७० मिमी रुंद, म्हणजे तिचा अर्धा भाग ३५. मोठ्या कांद्याचा अर्धा भाग ३७. बेरीज १३२. सुरक्षित म्हणून मध्यापासून मध्यापर्यंत १५० मिमी ठेवा. या अंतराने मिनिटाला १०० कांदे, म्हणजे ८ किलो, आणि तासाला पावणेपाच-पाच क्विंटल. ही वरची मर्यादा झाली. हाताने सोडलेले कांदे इतके नीट अंतर राखत नाहीत, त्यामुळे निम्मा माल निघाला तरी यंत्र बरोबर चाललं आहे असं समजा.

या सगळ्यात हात सांभाळा. वीज बंद केली तरी नळीत हवा उरते आणि सिलिंडर हलू शकतो. इमर्जन्सी स्टॉपचं बटण आर्डुइनोच्या पिनला जोडू नका. त्याने थेट मोटर आणि कॉइलचा पुरवठा तुटला पाहिजे आणि साठलेली हवा बाहेर सोडणारा वॉल्व्ह उघडला पाहिजे. दाब साडेतीन बारखाली गेला तर पट्टा थांबवणारा प्रेशर स्विचही लावा, नाहीतर कॉम्प्रेसर बंद पडला की सगळे खराब कांदे मुकाट्याने पुढे जातात.

फोटो

सेकंदाला २५० मिमी वेगात १/३० सेकंदाचं एक्स्पोजर दिलं तर चित्र ८ मिमी पसरतं. १/१००० ला हे पसरणं पाव मिलिमीटरच राहतं. तेवढ्या कमी वेळात चित्र उजळ यायला भरपूर प्रकाश लागतो. डीसीवर चालणाऱ्या एलईडी पट्ट्या दोन्ही बाजूंनी लावा आणि वरून खोक्यासारखं झाकण करा. आपली वीज ५० हर्ट्झची असल्याने साध्या दिव्यांचा प्रकाश सेकंदाला १०० वेळा कमी-जास्त होऊ शकतो. डोळ्यांना ते दिसत नाही, पण लागोपाठचे फोटो कधी उजळ, कधी मळकट येतात. एक्स्पोजर आणि व्हाइट बॅलन्स ऑटोवर ठेवू नका. कॅमेरा ग्लोबल शटरचा घ्या. रोलिंग शटरमध्ये चालत्या कांद्याचा आकार तिरका होतो.

साधा वेबकॅम वापरत असाल तर एक सापळा लक्षात ठेवा. सॉफ्टवेअर जुन्या फ्रेम साठवून ठेवतं आणि तुम्ही मागाल तेव्हा सगळ्यात ताजी नाही, तर साठ्यातली जुनी देतं. मग फोटोत रिकामा पट्टा येतो, किंवा मागचा कांदा. फ्रेम सतत वाचत राहणारा वेगळा थ्रेड ठेवा, आणि पहिल्या दिवसापासून प्रत्येक फोटो कांद्याच्या क्रमांकाच्या नावाने साठवा. त्याविना चूक कुठे झाली हे शोधता येत नाही.

आता मॉडेल

आधीच शिकलेलं मोबाइलनेट व्ही२ घ्या आणि २२४ × २२४ पिक्सेलच्या चित्रांवर त्याचा शेवटचा थर आपल्या कांद्यांसाठी शिकवा. वर्ग चार: चांगला, जोड, कोंब आलेला, सडका. प्रत्येकाचे तीनशे-चारशे फोटो सुरुवातीला पुरेत. ते याच पट्ट्यावर, याच प्रकाशात, पट्टा चालू असताना काढा. टेबलावर मोबाइलने काढलेल्या सुंदर फोटोंचा इथे उपयोग होत नाही.

परीक्षेसाठी फोटो बाजूला काढताना फोटो वाटू नका, कांदे वाटा. एकाच कांद्याचे पाच फोटो काढले आणि त्यातले चार शिकवायला, एक परीक्षेला गेला, तर मॉडेलला तो कांदा पाठच झालेला असतो. गुण खोटे येतात. त्याहून चांगलं म्हणजे परीक्षेचा माल दुसऱ्या चाळीतला घ्या. मातीचा रंग बदलला की मॉडेलची खरी समज कळते.

फोटोपासून धक्क्यापर्यंत आपल्याकडे सुमारे १.२ सेकंद आहेत. टेन्सरफ्लो लाइटमध्ये आणलेलं हे मॉडेल त्या वेळेच्या लहानशा भागात उत्तर देतं, म्हणून महागड्या संगणकाची गरज नाही. निर्णयाची रेघ मात्र ५० टक्क्यांवर ठेवू नका. तीन खराब वर्गांच्या शक्यतांची बेरीज करा आणि ती ०.३५ च्या वर गेली की ढकला. काही चांगले कांदे उगाच बाजूला पडतील. ते एकदा पुन्हा फिरवले की परत मिळतात.

कॅमेरा वरून पाहतो, त्यामुळे खालच्या बाजूचा डाग त्याला दिसत नाही. आतून सडलेला, पण वरून कोरडा कांदाही दिसत नाही. त्यांच्यासाठी पट्ट्याच्या शेवटी एक माणूस लागतोच, आणि मालाच्या मालकाला हे आधीच सांगून ठेवा.

शेवटची चाचणी करताना दोन आकडे वेगळे लिहा. समजा, २०० कांद्यांत ३० खराब होते. साठवलेल्या फोटोंवरून दिसतं की मॉडेलने २७ ओळखले. क्रेटमध्ये मात्र २४ सापडले. ते तीन ओळखूनही निसटले. तेव्हा आणखी फोटो काढण्याआधी त्या तिघांचे क्रमांक घ्या, त्यांच्या आधी-नंतर किती अंतरावर कांदे होते ते नोंदीत पाहा, आणि गेरू पुन्हा भिजवा.